आत्याचे दोन चौकोन

आमचं ऑफिस भिवंडीच्या नारपोलीत, कापडाच्या लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली चोवीस तास खटखट, वर आम्ही नकाशे काढायचो. टेबलावरचा चहा सारखा थरथरत असे, आणि साहेबांचं म्हणणं असं, की त्यामुळे साखर आपोआप विरघळते, चमचा लागत नाही. साहेब मुळात जमीनमोजणीतले. पुढे त्यांनी दोन कॉम्प्युटर घेतले, दारावर इंग्रजीतली पाटी लावली आणि एका रात्रीत जीआयएसचे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचे, तज्ज्ञ झाले. मी त्यांच्याकडे नोकरी करत होते आणि दर पंधरवड्याला ती सोडायचं ठरवत होते. ऐरोलीच्या एका कंपनीचं बोलावणं आलेलं होतं. तिथे एसी होता, लिफ्ट होती आणि खाली लूम नव्हते.

त्या वर्षी आमच्याकडे मोठं काम आलं. पडघा ते वडपे पट्ट्यातल्या काही गावांचा मातीच्या सुपीकतेचा नकाशा करायचा होता. त्यासाठी एक समिती नेमली होती. समितीचं धोरण फार सरळ होतं. जिथली माती चांगली तिथे भाजीपाल्याची आणि पाण्याची योजना द्यायची. जिथली माती निकस तिथे गोडाऊन आणि त्यांचे रस्ते येऊ द्यायचे. म्हणजे हिरवा रंग आला तर शेती आणि लाल रंग आला तर ट्रक. माणसाचं नशीब इतक्या स्वच्छपणे दोन रंगांत बसवलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

त्याच पट्ट्यात माझ्या आत्याचं शेत होतं. वीस गुंठे. पावसात भात आणि पुढे भेंडी, दोडका, काकडी. गावातल्या आमच्या बौद्धवाड्यात बहुतेकांनी जमिनी केव्हाच विकल्या, पोरं वडप्याच्या गोडाऊनमध्ये शिफ्टला लागली. आत्याने विकली नाही. यजमान गेल्यावर त्या वीस गुंठ्यांवर तिने घर चालवलं आणि उरलेली भाजी आम्हालाच आणून कोंबली. माझी बी.एस्सी. त्या भेंडीवर झाली असं ती चारचौघांत सांगते आणि ते खोटं नाही. तिच्या बांधापर्यंत गोडाऊनचे पत्रे आलेले होते. नकाशात तिचं शेत लाल आलं असतं तर ते गेलंच असतं.

मी साहेबांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. म्हटलं, या पट्ट्यात माझ्या आत्याची जमीन आहे, तुम्हाला माहीत असलेलं बरं. साहेबांनी चष्मा वर सरकवला.

"मग तू काम कर," ते म्हणाले, "पण मत देऊ नकोस. नातेवाईक मध्ये आले की मत बिघडतं."

साहेबांचे स्वतःचे मेहुणे तीन गोडाऊनमध्ये भागीदार होते, पण त्यांचं मत कधी बिघडल्याचं ऐकिवात नाही.

तर काम. मे महिन्यात माणसं पाठवून गावोगावचे मातीचे नमुने गोळा केले होते. प्रयोगशाळेने प्रत्येक नमुन्यातलं नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब आणि सामू काढून दिला. पालाश म्हणजे लोक ज्याला पोटॅश म्हणतात ते, आणि सामू म्हणजे माती किती आंबट किंवा खारी ते. पण नमुने काही मोजक्या ठिकाणचे होते. मधल्या जागेत काय आहे ते कॉम्प्युटर अंदाजाने भरतो. जवळच्या नमुन्याचं जास्त ऐकतो, लांबच्याचं कमी. सगळा पट्टा तीस मीटर लांबीरुंदीच्या चौकोनांत चिरायचा आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा बसवायचा. याला रास्टर म्हणतात. पालाशचं एक रास्टर, स्फुरदाचं एक, अशी पाच एकावर एक ठेवायची आणि वरून खालपर्यंत एकाच जागेच्या चौकोनांची बेरीज करायची. मॅप अल्जेब्रा म्हणजे एवढंच. साहेब मात्र हा शब्द समितीपुढे अशा आवाजात उच्चारायचे, की एकदा एका सदस्याने हात जोडले.

या हिशोबात आत्याचं शेत म्हणजे दोन चौकोन आणि वर थोडी किनार. अख्खं आयुष्य दोन चौकोनांत. मी त्या दोन चौकोनांवर रोज एकदा जाऊन यायचे.

बेरीज करताना एक अडचण असते. पालाश हेक्टरी शेकडो किलो येतं आणि सेंद्रिय कर्ब अर्धा-पाऊण टक्का. तसेच्या तसे मिळवले तर कर्बाचा आवाजच कुणाला ऐकू जाणार नाही. म्हणून आधी प्रत्येक रास्टर शून्य ते एक या मापात आणायचं. मग कोण किती महत्त्वाचं त्याप्रमाणे त्याला वजन द्यायचं, त्या वजनाने गुणायचं आणि मग बेरीज. सगळ्या वजनांची बेरीज एक यायला हवी, म्हणजे शेवटी येणारा सुपीकतेचा निर्देशांकही शून्य ते एक राहतो.

वजनं ठरवायला समितीची बैठक भरली. चहा, सामोसे आणि पाच पोषक घटक. समितीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते आणि त्यांच्या बंगल्यामागे आंब्याची चार झाडं होती. पोटॅश घातल्यापासून आंब्याला गोडी आली, असं त्यांनी सांगितलं आणि पालाशला चाळीस टक्के मिळाले. भातपट्ट्यातल्या गावांचं भवितव्य चार आंब्यांनी ठरवलं. दुसरे एक सदस्य सेंद्रिय शेतीवर भाषणं देत, त्यांनी कर्बासाठी पंचवीस टक्के ओढले. नत्राला वीस दिले, तर स्फुरदाचं वाईट वाटायला नको म्हणून त्यालाही वीस दिले. सामू राहिला होता. त्याला दहा दिले. मी बेरीज केली.

"सर, एकशे पंधरा होतायत," मी म्हटलं.

"मग चांगलंच की," अध्यक्ष म्हणाले. "माती शंभराच्या वर गेली तर शेतकऱ्याचंच भलं."

कुणाचं कमी करायचं यावर अर्धा तास चर्चा झाली आणि कुणाचंच कमी करायचं नाही असं एकमताने ठरलं. मी घरी येऊन प्रत्येकाला एक पूर्णांक पंधराने भागलं. प्रमाण तेच राहिलं, बेरीज एक झाली, समितीला कळलं नाही आणि कुणाचं मन दुखावलं नाही. सामूच्या बाबतीतही तेच केलं. तो जितका जास्त तितका चांगला, असं बैठकीत ठरलं होतं. तसं केलं असतं तर खारजमीन भिवंडीत पहिली आली असती. मी गुपचूप साडेसहा-सातच्या आसपास एक आणि दोन्ही बाजूंना उतरतं माप ठेवलं.

दिवाळीनंतर पहिला नकाशा तयार झाला. साहेबांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून तो पाहिला. पट्ट्यातली जवळजवळ सगळी गावं लाल होती. आत्याच्या गावाच्या मधोमध मात्र एक गडद हिरवा गोल होता, भाकरीवर कुणी चटणीचा ठिपका ठेवावा तसा. आत्याचे दोन चौकोन त्या गोलाच्या बाहेर, लालात. निर्देशांक शून्य पूर्णांक तीस.

"सुंदर आलाय," साहेब म्हणाले. "रंग कसे उठून दिसतायत."

आत्याच्या शेतात तीस टक्क्यांची माती? त्याच मातीतली भेंडी खाऊन मी वाढले होते. पण भेंडीचा पुरावा रास्टरमध्ये चालत नाही, म्हणून मी एकेक थर उघडून पाहिला. पालाशच्या थरात चोर सापडला. पट्ट्यातले सगळे नमुने दोनशे-तीनशेच्या आत-बाहेर होते. सगळ्यात कमी एकशे ऐंशी. आणि त्या हिरव्या गोलाच्या मधला एकच नमुना नऊशे तीस. आम्ही माप काढताना सगळ्यात कमी आकड्याला शून्य आणि सगळ्यात जास्त आकड्याला एक धरलं होतं. वर्गात एका पोराला नऊशे तीस मार्क पडले, तर बाकीचे सगळे आपोआप ढ ठरतात. आत्याच्या शेतातलं पालाश दोनशे साठ होतं, म्हणजे चांगलं. पण या मापात त्याला मिळाले शून्य पूर्णांक एक. त्याच नमुन्यात स्फुरदही वेडंवाकडं वर गेलेलं होतं. एका खड्ड्याने अख्खा पट्टा नापास केला होता.

मी साहेबांना समजावून सांगितलं. कमीत कमी-जास्तीत जास्त धरू नका, प्रयोगशाळेच्या तक्त्यात कमी आणि जास्त कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे, एकशे दहाच्या खाली कमी, दोनशे ऐंशीच्या वर भरपूर, ते शून्य आणि एक धरू आणि त्यापलीकडचं तिथेच थांबवू. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्याचं शेत लाल आलं का?" त्यांनी विचारलं.

"हो, पण—"

"मग तू गप्प बस. मी म्हटलं होतं ना, मत बिघडतं म्हणून."

मी चिडले आणि गप्प बसले. संध्याकाळी ऐरोलीच्या कंपनीला होकाराची मेल लिहिली, पण पाठवली नाही. एवढं रागावल्यावर लिहिलेली मेल सकाळी वाचावी, असा माझा नियम आहे. सकाळी वाचली आणि ठेवून दिली. नकाशा समितीकडे गेला. लाल पट्ट्यातून गोडाऊनच्या रस्त्याची आखणी सुरू झाल्याचं गावात बोलू लागले आणि आत्याचा फोन आला.

"बाय, तुझ्या नकाशात माजं शेत लाल हाय म्हनं. लाल म्हंजे काय गं?"

बघते, एवढंच म्हटलं.

आणि मग देव पावला. देव म्हणजे भाऊ. भाऊ गावातले सगळ्यात मोठे जमीनदार. ते कुणाचेच भाऊ नव्हते, पण सगळ्यांनी त्यांना भाऊ म्हणावं अशी त्यांची इच्छा होती आणि त्यांच्या इच्छा सहसा पुऱ्या होत. निवडणुकीच्या वेळी ते आमच्या वाड्यात येऊन आत्याला "जय भीम, मावशी" म्हणायचे. निवडणूक झाली की त्यांची मान त्या बाजूला वळत नसे. भाऊंनी त्यांच्या मळ्यावर गोडाऊन बांधायला अर्ज केला होता. आणि तो हिरवा गोल, पट्ट्यातली एकमेव सुपीक जमीन, बरोबर त्यांच्या मळ्यावर होता.

भाऊ लूमच्या जिन्याने धापा टाकत वर आले. साहेबांनी खुर्ची पुसली.

"काय हे, साहेब?" भाऊ म्हणाले. "माझी जमीन हिरवी? तिथे काय पिकतं? दगड पिकतात दगड. गवत येत न्हाय तिथे. आजूबाजूला सगळं लाल आणि मीच एकटा हिरवा? माझ्यावरच का?"

सुपीकतेचा असा धसका घेतलेला शेतकरी मी तोवर पाहिला नव्हता.

आणि साहेबांना, महिनाभर ज्यांचं मत बिघडलेलं नव्हतं त्यांना, अचानक शंका आली. "अगं, तू काहीतरी म्हणत होतीस ना पालाशबद्दल?" ते मला म्हणाले. "जरा तपास बघू. शास्त्रीय कामात घाई नको."

दुसऱ्या दिवशी मी आणि साहेब भाऊंच्या गाडीतून गावात गेलो. नमुन्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश माझ्याकडे होतेच. फोन हातात धरून चालत चालत आम्ही मळ्याच्या कोपऱ्यात जाऊन थांबलो. आत्याला मी बोलावलं नव्हतं, पण ती बांधावर उभी होती, कारण गावात गाडी आली की सगळे बांधावरच असतात. भाऊंचा तो कोपरा म्हणजे राबाची जागा होती. आमच्याकडे भाताची रोपं करायच्या जागेवर उन्हाळ्यात पाला, काटक्या, शेण पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. वर्षानुवर्षं त्याच जागी राखेवर राख पडते. राखेत पालाश असतंच. भर मे महिन्यात नुकताच भाजलेला राब खणून प्रयोगशाळेत पाठवल्यावर नऊशे तीस का येणार नाही?

"इथे कुणी खणायला सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

आत्या बोलली. "भाऊंनीच. ती पोरं घमेलं-फावडा घेऊन आलेली. भाऊंनी त्यान्ला चा पाजला आणि म्हनले, माज्या घरची माती न्या, सोनं हाय सोनं. सगळ्या गावानं ऐकलं."

भाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मे महिन्यात गोडाऊनचा विचार नव्हता, तेव्हा जमीन सोनं होती. पुढे गोडाऊन सुचलं आणि सोन्याचा दगड झाला. नमुना नेणाऱ्या पोरांचंही काही चुकलं असं म्हणता येणार नाही. उन्हाने बाकी शेतं वाळून कडक झालेली, फावडा बसत नव्हता, आणि मालक स्वतः मऊ जागा दाखवतोय, वर चहा देतोय. उकिरडा, बांध, झाडाखालची जागा आणि राब टाळून शेतात पाच-सात ठिकाणची माती घ्यायची, हे त्यांना शिकवलेलं असणार. पण मोठ्या माणसाने प्रेमाने दिलेली माती नाही कशी म्हणायची?

भाऊंच्या मळ्यातून, राब सोडून, नव्याने नमुना घेतला. यावेळी भाऊ स्वतः जातीने उभे होते आणि दगड असलेल्या जागा दाखवत होते. मी तिथली माती घेतली नाही. शिकवल्याप्रमाणे नागमोडी चालत वेगवेगळ्या जागची घेतली, एकत्र केली. जुना आकडा काढून नवा टाकला. माप तक्त्याप्रमाणे बांधलं. पाचही थर पुन्हा वजनाने गुणले, मिळवले. आणि नकाशा उघडला.

पट्टा हिरवा झाला होता. सगळा नाही, हायवेच्या कडेचे काही मुरमाड तुकडे लालच राहिले, काही पिवळे. पण आत्याचं गाव हिरवं होतं. तिचे दोन चौकोन शून्य पूर्णांक अडुसष्ट. मला त्या क्षणी लूमच्या आवाजावर ओरडावंसं वाटलं. आनंद झाला होता, आणि तो लपवायचा होता, कारण मत बिघडलं असतं.

भाऊंचा मळा? तोही हिरवा. राबाशिवायही त्यांची माती चांगलीच होती. आधी खोटी हिरवी होती, आता खरी हिरवी झाली, एवढाच फरक.

साहेबांनी नकाशा पाहिला. मग त्यांनी भाऊंना फोन लावला आणि अध्यक्षांना लावला. भाऊ, साहेब आणि अध्यक्ष या तिघांमध्ये कुठे काय ठरलं मला माहीत नाही, पण दोन दिवसांनी साहेब माझ्याकडे एक रेघोट्या मारलेला आराखडा घेऊन आले. भाऊंचा मळा आणि मळ्यापासून हायवेपर्यंतचा रस्ता. समितीने ही जागा अभ्यासातून वगळायचं ठरवलं होतं, म्हणजे रंगाचा नियम तिथे लागणार नव्हता आणि गोडाऊनला आडकाठी उरणार नव्हती.

"एवढा भाग मास्क कर," साहेब म्हणाले. "सोपं आहे. एक रास्टर कर, वगळायचं तिथे शून्य, बाकी सगळीकडे एक. आपल्या निर्देशांकाला त्याने गुण. झालं."

"सर, शून्याने गुणलं तर तिथला निर्देशांक शून्य येईल. वगळलेलं दिसणार नाही, लाल दिसेल. सगळ्यात निकस माती म्हणून. वगळायचं असेल तर तिथे आकडाच ठेवायचा नसतो, रिकामं सोडायचं."

"शून्य आणि रिकामं, एकच ना?"

"भाऊंसाठी एकच असेल," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कुणालाही नाही म्हणायचं नव्हतं, आणि त्यात सगळ्यात शेवटचा नंबर माझा लागायचा. "बरं, रिकामं ठेव," ते म्हणाले. "पण वगळायचं म्हणजे वगळायचं."

मी आराखडा नकाशावर बसवला. रस्ता आत्याच्या बांधावरून जात होता. रुंदी जेमतेम बारा मीटर. पण आपला चौकोन तीस मीटरचा. साहेबांनी सांगितलेल्या पद्धतीत रस्ता ज्या चौकोनाला नुसता शिवेल तो चौकोन आख्खा जातो, अर्धा चौकोन नसतो. आत्याचे दोन्ही चौकोन गेले. बांध गेला असं नकाशा म्हणत नव्हता, शेत नव्हतंच असं म्हणत होता.

मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "परत आत्या?"

मग मी भांडले नाही. नकाशाच्या कोपऱ्यात रंगांची सूची असते. लाल म्हणजे कमी, पिवळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे चांगली. त्याखाली मी पांढरा चौकोन ठेवला आणि पुढे लिहिलं, "वगळलेले क्षेत्र (मातीच्या गुणामुळे नव्हे, समितीच्या निर्णयाने)." यात खोटं एक अक्षरही नव्हतं. साहेबांना प्रिंट दाखवली. त्यांनी रंग पाहिले, उत्तर दिशेचा बाण पाहिला, आपलं नाव पाहिलं आणि सही केली. सूची कुणी वाचत नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

पण अध्यक्ष वाचायचे. त्यांना स्वतःचा आवाज फार आवडत असे. ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली, भिंतीवर नकाशा टांगला आणि अध्यक्षांनी माइक हातात घेऊन तो शीर्षकापासून वाचायला सुरुवात केली. प्रमाण वाचलं, दिशा वाचली, रंग वाचले, आणि त्याच सुरात वाचत गेले, "वगळलेले क्षेत्र, मातीच्या गुणामुळे नव्हे, समितीच्या निर्णयाने." मग थांबले. पण उशीर झाला होता. मागून कुणीतरी विचारलं, "मग कशामुळं?"

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ उठले, त्यांना बोलावंच लागलं.

"माझी जमीन आहे. मी स्वतः विनंती केली. मालकाची इच्छा, त्यात काय?"

गाव मान डोलावू लागलं. मालकाची इच्छा म्हटल्यावर काय बोलणार? आणि बायकांच्या बाजूने आत्या उठली. ती भिंतीपाशी गेली आणि पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हा माजा बांध. ह्ये माजं शेत. भाऊंनी इनंती केली असंल, मी न्हाय केली. मला कुनी इचारलं पन न्हाय. मग माजं पांढरं कसं?"

सभेत कुजबुज झाली, मग हशा झाला, मग जरा मोठा आवाज झाला. आमच्या वाड्यातली माणसं उठून उभी राहिली आणि त्यांच्या मागे इतरही, ज्यांच्या जमिनीतून तो रस्ता पुढे जाणार होता. अध्यक्षांनी माइक तोंडाजवळ धरला आणि सरकारी कामात अशा वेळी जे वाक्य नेहमी कामाला येतं ते म्हटलं, "ही तांत्रिक चूक आहे." तांत्रिक म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून चूक पदरात घेतली. आयुष्यात पहिल्यांदा चूक पदरात घेताना इतकं बरं वाटलं.

सभेत ठरलं की ज्याने मागितलं त्याचंच वगळायचं, आणि रस्ता त्याच्याच जमिनीतून न्यायचा. भाऊंचा मळा पांढरा राहिला, त्यांचा रस्ता त्यांच्याच दुसऱ्या तुकड्यातून गेला आणि पाण्याच्या योजनेत त्यांचं नाव आलं नाही. यावरही ते नंतर रागावले. साहेबांनी मला आठवडाभर फैलावर घेतलं आणि मग समितीने नकाशाचं कौतुक केल्यावर तो आपणच काढला असं सगळीकडे सांगितलं.

शेवटचा नकाशा झाला, त्यानंतर एका सकाळी आत्या ऑफिसात आली. कधी नव्हे ती. पडघ्याहून गाडी धरून, लूमच्या आवाजातून जिना चढून. पिशवीत भेंडी होती, ती तिने साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी एक भेंडी मोडून पाहिली, कौतुकाने म्हणाले, "माती चांगली दिसते."

"मला दाखव माजं," ती मला म्हणाली.

मी नकाशा मोठा करत करत तिच्या गावात, तिच्या बांधावर आणला. हिरव्यातले दोन चौकोन.

"इतकंच?"

"इतकंच."

तिने पडद्यावर बोट टेकवलं. "ह्याच्यात भेंडी कंच्या बाजूला, दोडका कंच्या?"

"ते नाही दिसत, आत्या. एका चौकोनाला एकच आकडा असतो. अडुसष्ट."

"शंभरातले?"

"शंभरातले."

"तुला बारावीला किती होते?"

"एकसष्ट."

"मंग जमीनच हुशार," ती म्हणाली आणि हसली. मग हसणं थांबलं. बोट पडद्यावरच होतं. "ह्यो आकडा परत बदलंल का?"

मी तिला फसवू शकले नाही. सांगितलं की काही वर्षांनी पुन्हा नमुने घेतील, पुन्हा समिती बसेल, पुन्हा वजनं ठरतील. माती तीच असली तरी आकडा बदलू शकतो. कुणी काय गुणेल, कुठे शून्य ठेवेल, सांगता येत नाही.

खाली लूम चालू होते, तिचा पदर टेबलाच्या थरथरीने हलत होता. ऐरोलीबद्दल मी तिला कधी बोलले नव्हते, पण आई बोलली असणार.

"मंग हितली नोकरी सोडू नको, बाय," ती म्हणाली.

त्या दिवशी मी ऐरोलीची मेल काढून टाकली.